भिंतीवरचा लोणा: पुसायचा की वाळवायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा सरतो, दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते आणि नेमक्या त्याच वेळी जुन्या घरांच्या भिंतींवर पांढरी भुकटी दिसू लागते. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि त्यामागून पीठ सांडावं तशी पांढरी पूड खाली पडते. कुणी म्हणतं भिंतीला लोणा लागला, कुणी म्हणतं खार फुटला. बऱ्याच घरांत त्याला बुरशी समजून ओल्या फडक्यानं पुसतात. भिंत दोन दिवस स्वच्छ दिसते आणि आठवड्यानं पूड पुन्हा हजर होते.

पेठ वडगावसारख्या जुन्या बाजारपेठेच्या गावात हे दृश्य नवीन नाही. दगडी जोतं, त्यावर मातीत रचलेल्या भाजक्या विटांच्या दीड फुटी भिंती, पुढं सोपा, मागं न्हाणी आणि परसू, अशी घरं तिथं अजून आहेत. अशाच एका घराच्या निमित्तानं आज ही पांढरी पूड म्हणजे काय, ती कुठून येते आणि तिची सफाई कशी करायची, ते पाहू.

आधी ती बुरशी आहे की लोणा, हे ओळखू. थोडी पूड चिमटीत घेऊन चोळा. लोणा बारीक मिठासारखा कुरकुरतो. मग ती पूड बशीत घेऊन तिच्यावर चमचाभर पाणी घाला. लोणा असेल तर तो विरघळून दिसेनासा होईल, बुरशी असेल तर तंतू किंवा काळपट-हिरवट कण तसेच राहतील. बुरशीला बहुधा कुबट वासही येतो, लोण्याला येत नाही. पांढरा थर कठीण, कवचासारखा असेल आणि पाण्यात विरघळत नसेल, तर तो बहुधा चुन्याचा थर. स्लॅबमधून पाणी झिरपतं तिथं तो दिसतो आणि त्याचा उपाय वेगळा आहे. आज आपण बोलतोय ते विरघळणाऱ्या पुडीबद्दल.

ही पूड म्हणजे वेगवेगळे क्षार. त्यात आपलं साधं मीठ असतं, सोडियमचे सल्फेट असतात आणि जुन्या घरांत हमखास सोरा असतो. हे क्षार कुठून आले? काही विटेच्या मातीतच होते, काही वाळूतून, सिमेंटातून किंवा बांधकामाला वापरलेल्या मचूळ पाण्यातून आले. उरलेले जमिनीतून आले. आपल्याकडं शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणि जनावरं राहिलेल्या जागेत शेण, मूत्र आणि सांडपाणी मुरतं, त्यातून सोरा तयार होतो. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी अशाच जुन्या वस्त्यांच्या मातीतून आणि भिंतींच्या बुडातून काढत असत. तेव्हा गोठ्याला लागून असलेल्या भिंतीवर जास्त लोणा दिसला, तर नवल नाही.

पण क्षार नुसते असून पूड येत नाही. त्यांना वाहून आणणारं पाणी लागतं. दिव्याची वात जसं तेल वर ओढते, तशी वीट आणि माती जमिनीतली ओल वर ओढतात. ओलीबरोबर विरघळलेले क्षार चढतात. ओल भिंतीच्या पृष्ठभागावर पोचली, की पाणी हवेत उडून जातं. क्षार मात्र उडू शकत नाहीत, ते तिथंच मागं राहतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्यानं पाणी उडत नाही आणि पूड दिसत नाही. उलट मीठ आणि सोरा हवेतला ओलावा ओढून घेतात आणि भिंत घामेजते. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं, की साठलेलं पाणी झपाट्यानं उडतं आणि पूड उमलते.

शिरोळ, हातकणंगले भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उसाला भरमसाट पाणी दिलेल्या, निचरा नसलेल्या रानावर असाच पांढरा थर येतो आणि जमीन क्षारपड होते. तो थर खरवडून जमीन सुधारत नाही. जमिनीत सच्छिद्र पाइप घालून पाण्याचा निचरा करावा लागतो. भिंतीचंही तेच आहे.

आता मूळ नुकसान कसं होतं ते पाहू. पूड बाहेर येते तोवर फारसं बिघडत नाही. पाणी पृष्ठभागावर पोचण्याआधीच, म्हणजे गिलाव्याच्या मागं किंवा विटेच्या आत उडू लागलं, तर क्षाराचे खडे तिथंच बनतात. बारीक छिद्रात खडा वाढला, की तो छिद्राच्या भिंतींवर दाब देतो. सोडियम सल्फेट तर कोरडं असताना एका आकाराचं असतं आणि पाणी शोषून स्फटिक झालं, की त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. ओल-सूक, ओल-सूक असे फेरे दरवर्षी होतात आणि प्रत्येक फेऱ्यात विटेचा थोडा थोडा भुगा होतो. वीट आतून पोकळ होते आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो.

वडगावच्या त्या घरात हेच झालं होतं. घरातल्या मावशींनी मला २०२१ च्या पावसाळ्यानंतर बोलावलं. सोप्याच्या आणि माजघराच्या मधली भिंत आणि रस्त्याकडची भिंत, दोन्हींना लोणा होता. मावशी म्हणाल्या, “साहेब, धा वर्षांत चारदा रंग दिला, दोनदा गिलावा केला. आता एक जण सांगतोय, घर पाडा. तुमीच बघा.”

बघितल्यावर गोष्ट उलगडली. भिंतीला पूर्वी मातीचा गिलावा होता. दिवाळीआधी घरातल्या बाया भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. वर्षभरात लोणा त्या पातळ थरात यायचा, थर झडून जायचा आणि पुढच्या दिवाळीला नवा थर चढायचा. तो थर झडण्यासाठीच होता म्हणा ना! भिंत त्याच्यावाटे श्वास घ्यायची. दहा-बारा वर्षांपूर्वी “भिंत पक्की करू” म्हणून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंग दिला. सिमेंटाच्या घट्ट थरातून पाणी सहज उडेना. मग ते त्याच्यामागं वर चढत गेलं आणि गिलावा संपला तिथं बाहेर पडलं. लोणा आता कमरेऐवजी छातीच्या उंचीवर दिसू लागला. उंच दिसू लागल्यावर गिलावा आणखी उंच करण्यात आला. अशी ही भिंतीशी शर्यत चालू होती.

दुसरी गोष्ट बाहेर होती. गल्लीतला रस्ता काँक्रीटचा होत गेला, दरवेळी जुन्यावरच नवा थर पडला. पूर्वी गुडघाभर उंच असलेलं जोतं आता जेमतेम वीतभर उरलं होतं. रस्त्याचं पाणी आणि भिंतीलगतच्या गटारातली ओल थेट विटांना लागत होती. तिसरी गोष्ट मागच्या बाजूला. न्हाणीच्या मोरीचा पाइप भिंतीच्या बुडाशी तडकलेला होता. चौथी, मधल्या भिंतीला पूर्वी गोठा लागून होता. गोठा मोडून तीस वर्षं झाली होती, तरी त्याचा सोरा भिंतीत होता.

ओल कुठून येते हे ठरवण्यासाठी आम्ही काय केलं, ते तुम्हालाही घरी करता येईल. डागाच्या वरच्या कडेनं खडूनं रेघ मारून तारीख लिहिली. भिंतभर सारख्या उंचीचा पट्टा असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. एकाच जागी गोल डाग असेल, तर जवळ पाइप किंवा मोरी बघा. वरून खाली उतरणारा ओघळ असेल, तर छताकडं, कौलाकडं बघा. शिवाय स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल एक फूट चौरस कापून चिकटपट्टीनं चारी बाजूंनी भिंतीवर घट्ट लावली आणि दोन दिवसांनी काढली. खोलीच्या बाजूला थेंब जमले, तर ती हवेतली दमट वाफ आहे. भिंतीच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. आमच्या फॉइलवर थेंब आतल्या बाजूला होते.

मग कामाला लागलो ते पाण्यापासून. मोरीचा पाइप बदलला. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत होत्या, तिथं पन्हाळ लावून पाणी दूर सोडलं. मागच्या बाजूला भिंतीलगतची फरशी उखडून दीड फूट खोल चर खणला, त्यात खडी भरली आणि उतार परसाकडं दिला. चर पायाच्या तळाखाली जाऊ द्यायचा नाही, हे गवंड्याला बजावून सांगितलं. रस्त्याकडची बाजू आमच्या हातात नव्हती. तिथं गटाराच्या सांध्यांची डागडुजी करून घेतली, एवढंच.

यानंतर सफाई. हे काम दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत करायचं. नाका-तोंडाला फडकं बांधा, खाली जुनी चादर पसरा आणि कोरड्या ब्रशनं वरून खाली पूड झाडा. ब्रश काथ्याचा किंवा प्लास्टिकच्या केसांचा असावा. तारेच्या ब्रशनं मऊ पडलेली वीटच खरवडली जाते. खाली पडलेली पूड सुपलीत भरून कचऱ्यात टाका. ती भिंतीच्या बुडाशी किंवा कुंडीत टाकली, तर पावसाच्या पाण्याबरोबर पुन्हा भिंतीत किंवा झाडाच्या मुळाशी जाते. नव्या बांधकामावर पहिल्या वर्षी येणारी पूड बहुतेक वेळा एवढ्या झाडण्यानंच थांबते, कारण विटेतले मोजके क्षार बाहेर पडून जातात.

पाण्यानं धुवायचं का नाही? कारण पूड पाण्यात विरघळते आणि त्या पाण्याबरोबर पुन्हा विटेत शिरते. भिंत वाळली, की ती परत बाहेर येते. त्याहून वाईट म्हणजे फरशी धुण्याचं अॅसिड. ते गिलाव्यातल्या चुन्याशी मिळून नवा क्षार तयार करतं. हा क्षार हवेतला ओलावा इतका ओढतो, की भिंत एरवीपेक्षा जास्त ओलसर राहते. धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर यांनीही भिंतीतल्या क्षारांत भरच पडते.

मावशींच्या घरी नुसतं झाडून भागणार नव्हतं. रुपयाच्या नाण्यानं गिलाव्यावर टकटक केली. जिथं भदभद आवाज आला, तिथं गिलावा भिंतीपासून सुटलेला होता. डागाच्या वरच्या रेघेपासून आणखी एक फूट वरपर्यंत सगळा सिमेंटचा गिलावा हलक्या हातानं छिन्नीनं काढला. विटांमधल्या सांध्यांतली भुसभुशीत माती बोटाच्या पेराएवढी खोल उकरली. अकरा विटा आतून पिठासारख्या झाल्या होत्या. त्या एका वेळी दोनच काढून नव्या बसवल्या, शेजारच्या दोन बसून घट्ट झाल्यावर पुढच्या घेतल्या. भिंतीवर छपराचं वजन असताना एकदम सलग विटा काढणं धोक्याचं आहे. भुगा दोन-तीन इंच आत गेलेला असेल किंवा भिंतीला भेग अथवा फुगवटा असेल, तर हात लावण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

भिंत उघडी झाल्यावर ती वाळू दिली. ढोबळ हिशेब असा, की ओल थांबल्यावर विटेची भिंत जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना घेते. दीड फुटी भिंत म्हणजे अठरा महिने. म्हणून एका उन्हाळ्यात सगळं उरकण्याची घाई करायची नाही. त्या डिसेंबरपासून मावशी दर रविवारी भिंत झाडत होत्या. पहिल्या रविवारी मोठी वाटी भरून पूड निघाली. मार्चअखेर चमचा-दोन चमचे निघू लागली. पूड कमी होत जाणं हीच खूण. ती तशीच भरपूर येत राहिली, तर समजा, की पाणी अजून कुठून तरी येतंय. मग पुन्हा शोध घ्या.

गोठ्याकडच्या टप्प्यावर मात्र पूड हटेना. तिथं लेप लावला. पांढरा, बिनछपाईचा कागद भिजवून केलेला लगदा आणि बारीक चाळलेली चिकणमाती पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मळली आणि बोटभर जाडीचा थर भिंतीवर थापला. लेपातलं पाणी आधी भिंतीत शिरतं, आतले क्षार विरघळवतं. मग लेप बाहेरून वाळू लागला, की पाणी क्षारांसह लेपात येतं. दोन-तीन आठवड्यांत लेप वाळून कडक झाला, की तो काढून फेकायचा. तो पुन्हा भिजवून वापरायचा नाही. आम्ही असे तीन लेप दिले. ही युक्ती नवी नाही. सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विटा याच क्षारांनी झडताहेत आणि तिथंही भिंतींवर मातीचा लेप देऊन क्षार त्या लेपात ओढून घेण्याचा मार्ग वापरला गेला आहे. आपल्याकडं पोतारताना बायका नकळत तेच करत होत्या.

दुसऱ्या वर्षी, पुढच्या पावसाळ्यानंतर, गिलावा केला तो चुन्याचा. एक घमेलं भिजवून मुरवलेला चुना, दोन घमेली धुतलेली वाळू आणि एक घमेलं सुरखी, म्हणजे विटेचा चुरा. हा चुरा लोणा लागलेल्या जुन्या विटांचा नको, नाहीतर बाहेर काढलेलं मीठ आपणच आत घालतो. चुना डोळ्यात गेला, तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत. गिलावा अर्ध्या इंचाहून पातळ अशा दोन थरांत दिला आणि आठवडाभर फवाऱ्यानं हलका ओला ठेवला. वर चुन्याचीच सफेदी दिली. तैलरंग किंवा प्लास्टिकचा रंग दिला असता, तर भिंतीचं तोंड पुन्हा बंद झालं असतं. कपाट आणि धान्याची पिंपं भिंतीपासून वीतभर लांब सरकवली, म्हणजे मागं हवा खेळते.

आता भिंत कशी आहे? मधली भिंत कोरडी आहे. रस्त्याकडच्या भिंतीला बुडाशी फूटभर अजूनही थंडीत थोडी पूड येते, कारण रस्ता उंचच आहे. मावशी ती झाडतात आणि दिवाळीआधी तेवढ्या भागावर सफेदीचा हात मारतात. घर पाडावं लागलं नाही. जुन्या घराला ओलरोधक थर नसताना लोणा कायमचा गेला, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. तो विटेऐवजी सफेदीत येतो आणि तिच्याबरोबर झडून जातो, इतकं साधलं तरी भिंत टिकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या भिंती पाण्यात होत्या, त्यांनीही वाळण्याचा हा हिशेब लक्षात ठेवावा. पूर ओसरल्यावर महिन्याभरात सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आणि क्षार दोन्ही आत कोंडले जातात.

आणि जे नवं घर बांधताहेत त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा. भट्टीवरून चार-पाच विटा आणा. पसरट ताटलीत इंचभर पावसाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी घेऊन त्यात विटा उभ्या ठेवा. पाणी विटेत मुरून उडून गेलं आणि विटा वाळल्या, की पुन्हा तेवढंच पाणी घाला आणि तेही आटू द्या. भारतीय मानकात विटेची परीक्षा साधारण अशीच सांगितली आहे. दुसऱ्यांदा वाळल्यावर विटेचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी भाग पांढरा झाला, तर क्षार कमी आहेत. अर्ध्यापर्यंत पांढरा झाला, तर मध्यम आहेत. अर्ध्याहून जास्त पांढरा झाला किंवा विटेचे पापुद्रे सुटू लागले, तर तो माल घेऊ नका. जोत्यावर ओलरोधक थर घालायला विसरू नका आणि तो थर रस्त्याच्या आजच्या पातळीपासून नव्हे, तर रस्ता आणखी फूटभर चढेल असं धरून वर घ्या.

भिंतीवर पांढरी पूड दिसली, तर ओलं फडकं बाजूला ठेवा. कोरडा ब्रश आणि खडू हातात घ्या. पूड झाडा, रेघ मारा, तारीख लिहा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. गवंडी त्यानंतर बोलवा.